लसणाच्या कॅप्सूलमुळे बाबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन पुढे ढकललं. खरंच गरज होती का?

माणदेशी_लेक
मंगळवार, रात्री ९:४०

बाबा ६९ वर्षांचे. गेल्या महिन्यात लघवी तुंबली म्हणून नळी घालावी लागली. सोनोग्राफीत प्रोस्टेट ८५ ग्रॅम आलं, म्हणून दुर्बिणीतून काढायचं ठरलं. आम्ही गावाहून आदल्या दिवशी पुण्यात येऊन दाखल झालो. रक्ताचे सगळे रिपोर्ट चांगले होते, फक्त हिमोग्लोबिन १०.९ होतं. हृदयाच्या डॉक्टरांनी फिटनेस दिला होता. त्यांच्या सांगण्यावरून ७५ ची अ‍ॅस्पिरिन सात दिवस आधीच बंद केली होती. बाबांना कधी झटका आलेला नाही, स्टेंटही नाही. आठ वर्षांपूर्वी खबरदारी म्हणून सुरू झालेली ती गोळी.

संध्याकाळी भूल देणाऱ्या डॉक्टर तपासायला आल्या. "आणखी काही घेता का," असं त्यांनी विचारल्यावर बाबांनी उशाची पिशवी काढून दाखवली. लसणाच्या तेलाच्या मऊ कॅप्सूल, रोज दोन. भोवळ आणि विसराळूपणासाठी मेडिकलवाल्याने दिलेली गिंकोची गोळी. आणि एका डबीत सुंठ, तिचा काढा ते सकाळी दोन चमचे घालून करतात. शिवाय उठल्यावर लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून मधातून. डॉक्टरांनी सर्जनना फोन केला आणि ऑपरेशन नऊ दिवस पुढे गेलं.

माझी रजा गेली, भाडं गेलं, आणि बाबा नळी घेऊन आणखी नऊ दिवस. घरातल्या लसणासाठी एवढं? जाणकारांनी नीट सांगावं, मला मनापासून समजून घ्यायचं आहे.

---

दवंडी
मंगळवार, रात्री १०:०५

ताई, मला तरी ही अतिकाळजी वाटते. लसूण रक्त पातळ करतो हे खरं आहे, पण म्हणूनच तर पीटी-आयएनआर ही रक्त गोठण्याची तपासणी करतात ना? तो नॉर्मल असेल तर रक्त पातळ झालेलं नाही. माझ्या सासऱ्यांना रक्त पातळ करणारी वॉर्फरिनची गोळी चालू आहे, त्यांचं ऑपरेशन आयएनआर उतरल्यावरच झालं. तुमच्या बाबांचा किती होता?

---

माणदेशी_लेक
मंगळवार, रात्री १०:१२

१.०. प्लेटलेट्स २ लाख ४० हजार. म्हणूनच तर कळेना.

---

भूल_सांगली
मंगळवार, रात्री ११:३०

मी वीस वर्षं भूल देतो आहे, त्यातली बरीचशी लघवीच्या ऑपरेशन्सना. दवंडी यांचं अर्धं बरोबर आहे. वॉर्फरिनसाठी आयएनआर हीच तपासणी. पण लसणाचा परिणाम त्या तपासणीत उतरतच नाही.

रक्त थांबतं ते दोन टप्प्यांत. आधी प्लेटलेट्स फाटलेल्या जागी येऊन चिकटतात, एकमेकींना धरतात आणि बूच बसतं. मग त्या बुचावर रक्तातल्या प्रथिनांचं जाळं विणलं जातं. आयएनआर हे दुसरं काम मोजतो, आणि वॉर्फरिन तिथेच अडथळा आणते. लसूण, गिंको, आलं आणि अ‍ॅस्पिरिन यांचा रोख पहिल्या कामावर आहे. प्लेटलेट्स मोजल्या तर २ लाख ४० हजार भरतील, पण त्या एकमेकींना किती घट्ट धरतात हे त्या आकड्यातून कळत नाही. ते मोजणारी यंत्रं असतात, पण ती सगळीकडे नसतात आणि असली तरी प्रत्येक पेशंटला ती तपासणी करत नाहीत. म्हणून आमच्याकडे खरी तपासणी एकच: पेशंटला विचारणं. तुमच्या डॉक्टरांनी ती केली.

आता अ‍ॅस्पिरिन सात दिवस का बंद करतात ते बघा. अ‍ॅस्पिरिनचा स्पर्श झालेली प्लेटलेट कायमची निकामी होते. ती सात ते दहा दिवस जगते आणि शरीर रोज साधारण एक दशांश प्लेटलेट्स नव्या घालतं. आठवड्याभरात पुरेशा नव्या तयार होतात. ठेचलेल्या लसणातून, आणि विशेषतः लसणाच्या तेलातून, अजोइन नावाचं द्रव्य मिळतं. प्रयोगशाळेत तेही प्लेटलेट्सवर असाच न उलटणारा परिणाम करताना दिसलं आहे. म्हणजे बाबांची अ‍ॅस्पिरिन बंद करून ज्या नव्या प्लेटलेट्स यायची वाट आपण पाहत होतो, त्यांच्यावर रोज सकाळी लसणाचा मारा चालूच होता. सात दिवसांची मोजणी त्यांच्या बाबतीत सुरूच झाली नव्हती.

---

आलेपाक
बुधवार, सकाळी ७:१५

बाप रे. माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी मिरजेला आहे. आमच्याकडे रोज आमटीला लसणाची फोडणी असते. आजपासून स्वयंपाकात लसूण-आलं पूर्ण बंद केलं. आईला दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय, तिच्या अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलच्या गोळ्याही आजपासून थांबवल्या. वेळेत वाचलं म्हणून बरं झालं.

---

भूल_सांगली
बुधवार, सकाळी ७:५०

थांबा. कृपया आजच त्या दोन्ही गोळ्या पुन्हा द्या आणि डोळ्यांच्या व हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून सांगा की एक डोस चुकला आहे.

स्टेंट असलेल्या माणसाची अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घरच्यांनी स्वतःहून कधीही थांबवायची नाही. स्टेंटच्या आत गुठळी झाली तर हृदयविकाराचा झटका येतो. माणदेशी_लेक यांच्या वडिलांना स्टेंट नाही, आणि त्यांची गोळी त्यांच्या डॉक्टरांनी थांबवली होती. तुमच्या आईची गोष्ट अगदी वेगळी आहे.

शिवाय मोतीबिंदूला बहुतेक वेळा डोळ्यात फक्त भुलीचे थेंब टाकतात. बुबुळाच्या कडेला लहानशी चीर असते, रक्तवाहिन्या जवळपास लागतच नाहीत. त्यासाठी या गोळ्या सहसा चालूच ठेवतात. आमटीतल्या फोडणीचा तर प्रश्नच नाही.

---

आलेपाक
बुधवार, सकाळी ८:२०

दिल्या गोळ्या. डॉक्टरांच्या सहायकांशी बोलले, त्यांनीही चालूच ठेवायला सांगितलं. फार घाबरले होते, मनापासून आभार. पण मग आमटीतला लसूण चालतो आणि कॅप्सूल चालत नाही, असं का?

---

वैद्य_राजापूर
बुधवार, दुपारी १:१०

याचं उत्तर लसूण कसा खाल्ला यात आहे. अख्ख्या पाकळीत तो उग्र अंश तयार नसतो. ठेचली, चिरली की दोन घटक एकत्र येतात आणि मग वास सुटतो. हे काम करणारा पाचक अंश उष्णतेने मरतो. अख्खी पाकळी आमटीत चांगली शिजली तर तो अंश तयारच होत नाही. ठेचून थोडा वेळ ठेवून मग शिजवली तर थोडा उरतो. कच्ची ठेचून मधातून घेतली तर पूर्ण मिळतो. बाबांनी नेमकी तीच रीत धरली होती, कारण त्यांना गुण हवा होता. ज्याला गुण आहे त्याला काम करताना अडवायची वेळही येते.

आणि हे फक्त आधुनिक शास्त्र सांगतं असं कुणी समजू नये. आमच्याकडे लसूण उष्ण आणि तीक्ष्ण, रक्तपित्तात म्हणजे शरीरातून रक्त जात असताना वर्ज्य. आल्याबद्दल तर भावप्रकाशात जी निषेधांची यादी आहे तिच्यात रक्तपित्त आहे, व्रण आहे आणि मूत्रकृच्छ्रही आहे. तुमच्या बाबांना लघवीचा त्रास आहे, आता आत व्रण होणार आहे आणि रक्तही जाणार आहे. तिन्ही गोष्टी त्या एका यादीत आहेत. मेडिकलमधून सुंठ-लसूण घेताना हे सांगणारा कुणी नसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

---

आकडेमोड
बुधवार, सायंकाळी ६:३०

मी औषधांच्या चाचण्यांच्या कामात आहे. दुसरी बाजूही मांडतो, कारण इथे सगळं अगदी निश्चित असल्यासारखं वाटू लागलं आहे.

गिंकोबद्दल भीती मुख्यतः एकेकट्या पेशंटच्या नोंदींवरून पसरली. १९९७ मध्ये ७० वर्षांच्या एका गृहस्थांच्या डोळ्यात आपोआप रक्त उतरल्याची नोंद आली. ते गिंको घेत होते, पण सोबत अ‍ॅस्पिरिनही चालू होती. मग दोष कुणाचा? पुढे अमेरिकेत ३,०६९ वृद्धांवर मोठी चाचणी झाली, रोज २४० मिलिग्रॅम गिंको, अनेक वर्षं. २००८ मध्ये निकाल आला. स्मृतिभ्रंश टळला नाही, पण मोठ्या रक्तस्रावातही औषध नसलेली नुसती दिसायला तशी गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत ठरण्याजोगा फरक दिसला नाही.

आल्याचंही तसंच. हृदयविकाराच्या पेशंटना एकाच वेळी १० ग्रॅम सुंठ दिली तेव्हा प्लेटलेट्सची चिकटण्याची शक्ती घटली. रोज ४ ग्रॅम तीन महिने दिली तेव्हा घटली नाही. निरोगी माणसांना २ ग्रॅम दिली तेव्हाही फरक नाही. आणि ऑपरेशननंतरची मळमळ कमी व्हावी म्हणून काही ठिकाणी आलं मुद्दाम देऊन पाहिलं आहे, साधारण १ ग्रॅम. जे मळमळीवर देऊन बघतात त्यालाच ऑपरेशन रद्द करण्याचं कारण कसं करायचं?

---

भूल_सांगली
बुधवार, रात्री १०:४५

आकडेमोड यांचं म्हणणं मला मान्य आहे, आणि मी त्यात आणखी भर घालतो. पाठीत सुई देऊन भूल द्यायची असेल तर मणक्याच्या आत रक्त साचण्याची भीती असते. दुर्मीळ, पण भयंकर. १९९० मधली एक नोंद आमच्याकडे नेहमी सांगितली जाते. रोज लसूण खाणाऱ्या ८७ वर्षांच्या गृहस्थांच्या मणक्यात, सुई वगैरे काही न लागता, रक्त साचलं आणि पाय गेले. तरीही अमेरिकेतल्या, शरीराच्या ठराविक भागापुरती भूल देणाऱ्यांच्या संघटनेचं मत असं आहे की नुसती एखादी वनस्पती चालू आहे म्हणून पाठीतली भूल नाकारायची गरज नाही. म्हणजे बाबा फक्त लसूण घेत असते आणि हर्नियाचं ऑपरेशन असतं, तर मी कदाचित दुसऱ्या दिवशी भूल दिली असती.

मग इथे का थांबले? मी तिथे नव्हतो, पण त्या डॉक्टरांच्या जागी उभं राहून विचार करतो.

एक तर, वस्तू एक नव्हती. लसूण दोन रूपांत, वर गिंको, सुंठ दोन चमचे म्हणजे साधारण ४ ग्रॅम, आणि अ‍ॅस्पिरिन नुकतीच सुटलेली. प्रत्येकीचा परिणाम थोडा असेल, पण चाचण्या एकेका द्रव्याच्या झाल्या आहेत. या मिश्रणाची झालेली नाही.

दुसरं, ऑपरेशन कोणतं ते बघा. दुर्बिणीतून प्रोस्टेट तासून काढतात तेव्हा आत उघड्या शिरांचा खड्डा राहतो. तिथे टाका घालता येत नाही. विजेने जाळून जेवढं थांबेल तेवढं थांबवायचं, बाकीचं काम प्लेटलेट्सचं. त्यात लघवीत गुठळी विरघळवणारं द्रव्य मुळातच असतं, म्हणजे बूच बसत असताना वरून धुतलंही जातं. ८५ ग्रॅमची गाठ म्हणजे खड्डा मोठा. आणि हिमोग्लोबिन १०.९ म्हणजे गमवायला हाताशी रक्त कमी.

तिसरं, घाई नव्हती. नळी होती, लघवी वाहत होती. अपेंडिक्स फुटायला आलं असतं तर कुणी लसणासाठी थांबलं नसतं. तेव्हा रक्ताची सोय करून आत घेतात.

नऊ दिवस नळी ठेवण्यात जंतुसंसर्गाचा धोका आहे, ती किंमत खरी आहे. तुमची रजा आणि भाडं हीही किंमत खरीच. माझं म्हणणं इतकंच, की हा प्रश्न दाखल झाल्यावर संध्याकाळी विचारण्याचा नाही. ओपीडीत तारीख देतानाच विचारायला हवा होता, "कॅप्सूल, काढा, चूर्ण काय चालू आहे," असं नावं घेऊन. "काही औषधं चालू आहेत का" म्हटलं की लोक डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सांगतात. लसणाला औषध कुणीच म्हणत नाही.

---

न्यूजर्सीची_मावशी
गुरुवार, पहाटे ४:२०

माझ्या गुडघ्याच्या वेळी इथे छापील कागद दिला होता. सगळी वनस्पतीजन्य औषधं दोन आठवडे आधी बंद, असं सरसकट लिहिलं होतं. हळदीच्या कॅप्सूलसुद्धा. मी बंद केल्या. मग माणदेशी_लेक यांना नऊच दिवस का सांगितले? कोणता आकडा खरा?

---

भूल_सांगली
गुरुवार, सकाळी ६:५५

मावशी, दोन्ही आकड्यांना कारण आहे. २००१ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या डॉक्टरांनी आठ वनस्पतींचा आढावा घेतला होता, तो पुढे खूप वापरला गेला. त्यात लसूण किमान ७ दिवस, प्लेटलेट्सच्या आयुष्याच्या हिशोबाने. गिंको फक्त ३६ तास, कारण त्यातली द्रव्यं शरीरातून काही तासांत निघून जातात आणि त्यांचा परिणाम उलटणारा मानतात. आलं त्या आठांत नव्हतंच. अमेरिकेतल्या भूल देणाऱ्यांच्या संघटनेने मात्र पेशंटना दोन आठवडे सांगणं सोपं मानलं, कारण बाटलीत नेमकं काय आणि किती आहे याची खात्री नसते. अनेक कॅप्सूलमध्ये गिंकोबरोबर जिन्सेंग असतं, आणि त्यालाही सात दिवस लागतात.

मी स्वतः ठरलेल्या ऑपरेशनला दोन आठवडे सांगतो. पेशंट आठवड्याने आठवण होऊन बंद करतो, तरी सात उरतात.

---

वैद्य_राजापूर
गुरुवार, सकाळी ९:३०

एक विनंती. सगळं सरसकट बंद करताना वैद्याने दिलेलं औषधही तसंच फेकू नका. मधुमेहावर किंवा झोपेसाठी काही चालू असेल तर अचानक तोडल्याने साखर चढते, झोप उडते. त्या वैद्याला फोन करा. आणि सर्जनपासून लपवू नका. "रागावतील म्हणून सांगितलं नाही" हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे.

---

माणदेशी_लेक
तीन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ८:५५

उशिरा लिहिते आहे, पण लिहायलाच हवं.

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे नवव्या दिवशी झालं. पाठीतली भूल होती. पहिल्या रात्री धुण्यासाठी पाण्याच्या बाटल्या चालू होत्या, पिशवीतलं पाणी टोमॅटोच्या सारासारखं होतं. सकाळी ते फिकं गुलाबी झालं. तिसऱ्या दिवशी नळी काढली. रक्त द्यावं लागलं नाही. पाय कधी परत हलायला लागतात ते मी घड्याळ लावून बघत होते. संध्याकाळी बाबांनी स्वतः गुडघे दुमडले तेव्हा माझ्या जिवात जीव आला. भूल_सांगली यांचं वाचून मी सिस्टरना विचारलं होतं, त्या म्हणाल्या की पाय आले आणि पुन्हा जड झाले, किंवा पाठीत जोरात दुखायला लागलं, तर मध्यरात्री असली तरी बोलवा.

मग घरी आलो. ऑपरेशनच्या बाराव्या दिवशी बाबांना एकदम लालभडक लघवी झाली, गाठी पडल्या आणि लघवी अडली. तालुक्याला नेलं, पुन्हा नळी, पुन्हा धुणं. दुसऱ्या दिवशी थांबलं. तिथे विचारल्यावर बाबा म्हणाले, सहाव्या दिवसापासून लसणाच्या कॅप्सूल सुरू केल्या होत्या. "आता ऑपरेशन झालं ना," असं त्यांना वाटलं. आम्हाला बंद करायचं सांगितलं होतं, परत कधी सुरू करायचं हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. हे मला फार लागून राहिलंय.

---

भूल_सांगली
शनिवार, रात्री ९:४०

ताई, स्वतःला दोष देऊ नका. आम्ही डॉक्टर हे सांगायला विसरतो, हे मी आज माझ्याच कागदावर वाढवलं आहे.

पण सगळा दोष लसणावरही टाकता येणार नाही. प्रोस्टेटच्या आतल्या खड्ड्यावर खपली धरते आणि ती साधारण दहाव्या ते एकविसाव्या दिवसात सुटते. तेव्हा कॅप्सूल न घेणाऱ्यांनाही लाल लघवी होते. शौचाला जोर दिला, जड उचललं, लांबचा प्रवास केला की जास्त. बाबांना बद्धकोष्ठता होती का?

---

माणदेशी_लेक
शनिवार, रात्री ९:५२

होती. आणि आदल्या दिवशी पाण्याची कळशी उचलली होती, आईने आत्ता सांगितलं.

---

भूल_सांगली
शनिवार, रात्री १०:०५

मग तिन्हींपैकी कशाने झालं ते सांगता येणार नाही. बाबांच्या सर्जनना विचारा, पण या ऑपरेशननंतर मी तरी कॅप्सूल आणि कच्चा लसूण महिनाभर लांब ठेवायला सांगतो, लघवी स्वच्छ होऊन किमान दोन आठवडे होईपर्यंत. आमटी खुशाल खाऊ द्या. इसबगोल आणि भरपूर पाणी.

---

वैद्य_राजापूर
रविवार, सकाळी ८:१५

मी महिना नव्हे, दीड महिना म्हणेन, आणि सुंठ तर या वयात या व्रणावर नकोच. पण अ‍ॅस्पिरिन परत सुरू करायची की नाही हा प्रश्न आमच्या दोघांचाही नाही. तो हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. आठ वर्षं खबरदारी म्हणून चाललेली गोळी अजून लागते का, हेही विचारून घ्या.

---

आलेपाक
रविवार, सकाळी ११:००

आईचं ऑपरेशन छान झालं, गोळ्या चालू ठेवूनच. एक विचारायचं राहिलं. तिचा दात काढायचा आहे, आणि ती रोज सकाळी आल्याचा एक तुकडा मिठाबरोबर खाते. तो दातवाल्या डॉक्टरांना सांगायचा का?

---

भूल_सांगली
रविवार, सकाळी ११:२०

सांगा. तुकडा बंद करावा लागेल असं मला वाटत नाही. पण दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आधीच चालू आहेत, तेव्हा दात काढल्यावर ते गॉझ किती वेळ दाबून धरायचं आणि टाका घालायचा का, हे त्यांना आधी ठरवता येईल.

---

माणदेशी_लेक
रविवार, दुपारी ४:३०

बाबांच्या फाईलच्या पहिल्या पानावर मी सगळं लिहून लावलंय: लसूण कॅप्सूल दोन, कच्च्या पाकळ्या दोन, गिंको, सुंठ दोन चमचे, कधी बंद, कधी सुरू. गिंकोची गोळी परत द्यायची का हे अजून ठरत नाहीये. भोवळ तर तिच्याशिवायही आली नाही या महिन्यात.